कालमार गुणोत्तर आणि ‘नुसते धरून ठेवण्या’शी तुलना: पार्श्वभूमी

कालमार गुणोत्तर १९९१ मध्ये अमेरिकेतील वायदे बाजारात मांडले गेले. ते मांडणाऱ्याने त्याला स्वतःचे नाव न देता आपल्या संस्थेच्या आणि वार्तापत्राच्या नावातील अक्षरे जोडून हा शब्द बनवला. मूळ पद्धतीत छत्तीस महिन्यांचा सरासरी वार्षिक परतावा त्याच काळातील सर्वांत मोठ्या ड्रॉडाउनने, म्हणजे शिखरापासून तळापर्यंतच्या घसरणीने, भागला जाई आणि दोन्ही आकडे महिनाअखेरच्या मूल्यांवरून काढले जात. व्यवस्थापकांचे हिशेब तेव्हा महिन्याला येत असल्याने ही सोय स्वाभाविक होती.

क्रिप्टो बाजाराने हे गुणोत्तर घेतले, पण मुदत आणि मोजणीचा नियम मागेच राहिला. आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास चालणाऱ्या बाजारात ‘शिखरापासून तळापर्यंतची घसरण’ कोणत्या किमतींवरून मोजायची, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

२०२० मधील बिटकॉइनचेच पाहा. वर्षाच्या आरंभी सुमारे ७,२०० डॉलर असलेली किंमत अखेरीस २९,००० च्या आसपास पोहोचली, म्हणजे परतावा सुमारे ३०० टक्के. महिनाअखेरचेच भाव घेतले, तर जानेवारी ते मार्च अशी घसरण सुमारे ३१ टक्के भरते आणि गुणोत्तर साडेनऊच्या वर जाते. मात्र फेब्रुवारीत साडेदहा हजारांपर्यंत चढलेला भाव मार्चच्या मध्यावर काही तासांसाठी चार हजारांच्याही खाली गेला होता. हा तळ धरला, तर घसरण सुमारे ६३ टक्के आणि गुणोत्तर पावणेपाचच्या जवळ येते.

आता त्याच वर्षी १२० टक्के कमावलेला आणि २० टक्के ड्रॉडाउन दाखवणारा एखादा काल्पनिक ट्रेडर घ्या. त्याचे गुणोत्तर ६. पहिल्या मोजणीने तो कॉइन धरून ठेवणाऱ्याच्या मागे पडतो, तर दुसऱ्या मोजणीने पुढे जातो. त्याचे २० टक्के बंद झालेल्या सौद्यांवरून काढलेले असतील, म्हणजे उघड्या सौद्यांतील तोटा त्यात धरलेलाच नसेल, तर तासातासाच्या भावांवरून मोजलेल्या कॉइनशी ही तुलना सरळसरळ एकतर्फी ठरते. आणि माझ्या मते ट्रेडरांच्या जाहिरातींतील बहुतेक गफलत इथेच दडलेली असते. दोन्ही मूल्यरेषा एकाच वेळेच्या अंतराने आणि उघड्या सौद्यांसह मांडल्या की ती उघडी पडते.

मोजणी जुळली तरी गुणोत्तरावरून रक्कम कळत नाही. या उदाहरणात एक रुपयाचे ट्रेडरने २.२० केले, नुसत्या धरून ठेवण्याने ४ झाले. म्हणून कालमारच्या शेजारी दोघांचा एकूण परतावाही छापला जायला हवा, तोही पहिल्या सौद्याच्या नव्हे, तर खात्यात पैसे जमा झाल्याच्या तारखेपासून.