संन्यासयोग: चार ग्रहांची अट आणि ती मोडणारा सूर्य

पत्रिकेत एकाच घरात चार-पाच ग्रह आणि त्यांत शनी किंवा केतू दिसला की ‘हा संन्यासयोग’ असं सर्रास म्हटलं जातं. मूळ नियम इतका सोपा नव्हता.

सहाव्या शतकात वराहमिहिरांनी ‘बृहज्जातका’त प्रव्रज्या म्हणजेच संन्यास योगाला स्वतंत्र अध्याय दिला. चार किंवा अधिक बलवान ग्रह एका राशीत हवेत, आणि त्यांतला सर्वांत बलवान ग्रह दीक्षेचा पंथ ठरवतो. मंगळ असेल तर शाक्य म्हणजे बौद्ध, बुध असेल तर आजीविक, शनी असेल तर निर्ग्रंथ म्हणजे जैन साधू, रवी असेल तर कंदमुळं खाणारा वनवासी. त्या काळी रस्त्यावर दिसणाऱ्या साधूंची ही जणू यादीच आहे. शनी त्यांत सातांपैकी एक, त्याची मक्तेदारी नाही. शनीचं वेगळं महत्त्व येतं ते पुढच्या एका नियमात, जिथे चंद्रराशीचा स्वामी आणि शनी यांच्या दृष्टीचा विचार आहे. केतू तर या यादीत नाहीच. त्याचा मोक्षाशी संबंध जोडला जातो तो मुख्यतः जैमिनी सूत्रांच्या आधारे: कारकांशापासून बाराव्या स्थानी केतू असेल तर कैवल्य.

वराहमिहिरांच्या त्याच अध्यायातली एक अट मात्र फारसं कुणी सांगत नाही. ग्रह सूर्याच्या तेजात अस्तंगत असेल, तर माणूस दीक्षा घेत नाही, त्या पंथाचा भक्त होतो. म्हणजे घरात राहून मन तिकडे. ग्रहयुद्धात हरलेला ग्रह असेल तर घेतलेली दीक्षा सुटते.

हा नियम तपासायला फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही उत्तम. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठही मकरेत होते. जगबुडीच्या भीतीने देशभर यज्ञ झाले. चंद्र मकरेत होता तो सव्वादोन दिवस, तेवढ्यात जन्मलेल्या प्रत्येकाच्या पत्रिकेत हीच गर्दी आहे. वरवर पाहता ती सगळी मुलं बैरागी व्हायला हवी होती. पण ५ फेब्रुवारीला रवी मकरेच्या सुमारे २२ अंशांवर होता आणि शनी साधारण १० अंशांवर. शनी १५ अंशांच्या आत आला की अस्त धरतात, म्हणजे स्वगृहीचा शनीही अस्तंगत. बाकीचे ग्रह आपापल्या मर्यादेत अस्तंगतच होते, चंद्र तर अमावास्येचा, त्याच दिवशी खग्रास सूर्यग्रहण झालं. स्वगृहीचं बल अस्तावर मात करतं असं मानणारे ज्योतिषी आहेतच, पण त्यांना मग तेवढ्या सगळ्या निर्ग्रंथांचा हिशेब द्यावा लागेल. अस्ताचा नियम धरला तर त्या पिढीच्या वाट्याला येतो तो फक्त देवाधर्माचा ओढा, नोकरी-संसार सांभाळून.