डच कार्यालयातील स्पष्टवक्तेपणा

नेदरलँड्समधील कार्यालयांत कामातली चूक आडवळण न घेता सांगितली जाते आणि वरिष्ठाच्या मतालाही तोंडावर हरकत घेता येते. जळगाव, धुळे, नंदुरबारहून पुण्यामार्गे ॲमस्टरडॅम किंवा आइंडहोव्हनला नोकरीला गेलेले तरुण पहिल्या महिन्यांत बहुधा इथेच अडखळतात.

वरिष्ठ-कनिष्ठांतले अंतर समाज किती स्वाभाविक मानतो हे मोजणाऱ्या, डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेडे यांच्या सत्ता-अंतर निर्देशांकात भारताला ७७ आणि नेदरलँड्सला ३८ गुण आहेत. त्याची मूळ पाहणी १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांत झाली होती. त्यामुळे समोरचा माणूस कसा वागेल हे या आकड्यांवरून सांगता येत नाही, फक्त दोन समाजांतला कल दिसतो.

खरी अडचण ‘हो’ची. समजा, बैठकीत प्रमुखाने विचारले, ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ काम मंगळवारच्या आधी होणार नाही हे ठाऊक असूनही नवखा ‘होऊन जाईल’ म्हणतो, कारण चारचौघांत साहेबाला नाही म्हणायचे नसते. डच प्रमुख हा होकार शब्दशः घेतो आणि ग्राहकाला शुक्रवार कळवतो. शुक्रवारी काम अपुरे निघाले की राग उशिराचा कमी, आधी न सांगितल्याचा जास्त असतो. त्याऐवजी ‘दोन भाग शुक्रवारी देतो, तिसऱ्याला मंगळवार लागेल, चाचणीचा डेटा अजून मिळालेला नाही’ असे तिथेच सांगितले तर तारीख बदलते आणि विषय संपतो. बैठकीत गप्प राहणे म्हणजे संमती धरली जाते. नंतर प्रमुखाला बाजूला गाठून सांगितलेली हरकत उशिराची ठरते.

‘हे चुकले आहे, पुन्हा लिही’ असा शेरा सगळ्यांसमोर आला तरी तो कामावर असतो, माणसावर नाही. शेरा देणारा तासाभराने कॉफीला हाक मारतो, त्यावरून ते ओळखावे. लंडनच्या कार्यालयात हीच नाराजी गोड शब्दांत गुंडाळून येते, म्हणून डच अनुभव सगळ्या युरोपला लावू नये. जर्मनीत स्पष्टपणा आहे, पण एकेरी संबोधनाची सुरुवात सहसा वरिष्ठाने करायची असते.

नेदरलँड्समध्ये प्रमुखाला नावाने हाक मारली म्हणून तो प्रमुख राहत नाही असे नाही. चर्चा सर्वांची असली तरी पगारवाढीचा किंवा करार संपवण्याचा निर्णय वरूनच होतो. कायम करारातही प्रोबेशन दोन महिन्यांपर्यंत असू शकते आणि त्या काळात कोणत्याही बाजूला पूर्वसूचनेशिवाय नोकरी संपवता येते.

गप्पांसाठी हवामान, सायकल, सुट्टीचे बेत हे विषय चालतात. ‘पगार किती, लग्न झालं का?’ हे आपल्याकडे आपुलकीचे प्रश्न; तिथे नव्या ओळखीत ते खटकतात. वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो. सहकारी आणतील म्हणून थांबणाऱ्याचा दिवस कोरडाच जातो.