किडनीच्या आहारपत्रातली एक ओळ: डाळ, अंडं आणि दूध मोजून का?

किडनीच्या रुग्णाला आहारतज्ज्ञ जो कागद लिहून देते, त्यात मिठाची ओळ पाहून कुणाला नवल वाटत नाही. अडखळायला होतं ते पुढच्या ओळीशी: ‘दिवसाला एक अंडं, एक मूठ कच्ची डाळ शिजवून, दूध एकच कप.’ ताकद देणारं म्हणून आजाऱ्याला जे आवर्जून खायला घालायचं, नेमकं तेच इथे मोजून! या ओळीला साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि तिच्यातले आकडे या काळात बरेच बदलले आहेत.

1960च्या सुमारास कायमची किडनी निकामी झालेल्या बहुतेकांना डायलिसिस मिळत नव्हतं. प्रथिनं पचल्यावर युरिया तयार होतो, तो किडनी बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तात साठतो, हे ठाऊक होतं. पण प्रथिनं नुसती तोडली की माणूस खंगायचा. 1963 मध्ये इटलीत कार्मेलो जोर्दानो यांनी आणि पुढच्याच वर्षी सर्जो जोव्हानेत्ती यांनी एक मार्ग दाखवला. दिवसभरात जेमतेम 20 ग्रॅम प्रथिनं द्यायची, पण ती अंड्यासारखी, शरीराला जवळजवळ पूर्ण वापरता येतील अशी. बाकीची भूक प्रथिनं काढलेल्या स्टार्चच्या पदार्थांवर आणि तेला-साखरेवर भागवायची. मळमळ, उलट्या, गुंगी कमी झाली. किडनी मात्र बरी होत नव्हती, आणि असं जेवण महिनोन्‌महिने जेवणं फार अवघड होतं.

1982 मध्ये बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळाच मुद्दा मांडला. प्रथिनं जास्त असली की किडनीतल्या उरलेल्या सूक्ष्म चाळण्यांवर दाब वाढतो आणि त्या लवकर झिजतात. म्हणजे पथ्य लक्षणांपुरतं नाही, किडनी टिकवण्यासाठीही. याची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. 840 रुग्णांच्या त्या अभ्यासाचे निकाल 1994 मध्ये आले, आणि फायदा वाटला होता तितका ठळक दिसला नाही. माझ्या मते या ओळीच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. त्यानंतर पथ्याची भाषा सौम्य झाली. 2020च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत डायलिसिसवर नसलेल्या, मधुमेह नसलेल्या आणि आजार बराच पुढे गेलेल्या स्थिर रुग्णासाठी वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.55 ते 0.6 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत, तीही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली. मधुमेह असेल तर 0.6 ते 0.8.

आता हे कागदावर कसं उतरतं ते पाहू. रुग्ण 60 किलोचा असेल तर 36 ग्रॅम होतात. अंड्यात सुमारे 6, मूठभर म्हणजे 25 ग्रॅम कच्च्या डाळीत 6, 200 मिलिलिटरच्या कपभर दुधात 6. हे 18 झाले. उरलेले 18 धान्यातून आणि भाज्यांतून येतात, म्हणून धान्यही मोजलेलं असतं. तेल आणि स्टार्च मात्र पुरेसं हवं. पोट भरलं नाही तर शरीर स्वतःचे स्नायू जाळतं आणि प्रथिनं कमी खाऊनही युरिया वाढतो.

पथ्य पाळलं जातंय का, हे चोवीस तासांच्या लघवीवरून कळतं. 1985 पासून वापरात असलेला हिशोब असा: लघवीतल्या युरियाच्या नायट्रोजनमध्ये किलोमागे 0.031 ग्रॅम मिळवायचे आणि बेरजेला 6.25 ने गुणायचं. समजा, या रुग्णाचं वजन स्थिर आहे आणि तो नायट्रोजन 6.2 ग्रॅम आला. त्यात 1.9 मिळवले की 8.1, म्हणजे जवळपास 50 ग्रॅम प्रथिनं. कागदावर 36, पोटात 50. अशा वेळी रुग्ण खोटं बोलतोय असं मानू नये, आधी त्याचा कप मागवून पाहावा. 300 मिलिलिटरचा मग दोनदा भरला जात असेल, तर 200च्या जागी 600 मिलिलिटर दूध होतं आणि सुमारे 12 ग्रॅम तिथेच वाढतात. म्हणून कागदावर ‘एक कप’ एवढंच न लिहिता, रुग्णाच्या घरच्या भांड्यात पाणी मोजून खूण करून घ्यायला सांगावं.

या ओळीतली सर्वांत धोक्याची चूक उलट्या दिशेची असते. 1960 मध्येच सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत बसवून ठेवलेल्या नळीमुळे वारंवार डायलिसिस करता येऊ लागलं. डायलिसिसच्या द्रवात अमिनो आम्लंही वाहून जातात, त्यामुळे तिथे गरज वाढते: किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे आपल्या रुग्णाला 60 ते 72. जुना कागद मात्र स्वयंपाकघरात तसाच चिकटलेला राहतो आणि घरचे मनोभावे एकच अंडं देत राहतात. कपडे सैल होतात, दंड बारीक दिसू लागतात. सूज असेल तर वजनकाटा हे लपवतो. डायलिसिस सुरू होणार हे ठरलं, की त्याच आठवड्यात नवा कागद मागून घ्यावा आणि जुना भिंतीवरून काढून टाकावा.