‘घडलं ते’ आणि ‘आम्हाला वाटतं ते’: शोधबातमी छापण्याआधीची वकिली तपासणी

शोधबातमीचा मसुदा तपासायला आला की मी तो दोन पेन्सिली घेऊन वाचतो. जे घडलं म्हणून सांगितलं आहे त्याखाली लाल रेघ, आणि घडलेल्याबद्दल लिहिणाऱ्याला जे वाटतं त्याखाली निळी. वाचून झाल्यावर ज्या वाक्यांखाली दोन्ही रेघा पडलेल्या असतात, तिथेच बहुतेक वेळा अब्रुनुकसानीचा दावा दबा धरून बसलेला असतो.

ही विभागणी व्याकरणासाठी करायची नसते. कोर्टात या दोन गोष्टींचा बचाव वेगवेगळ्या रीतीने होतो. वस्तुस्थितीचं विधान सिद्ध करावं लागतं आणि ते ओझं छापणाऱ्यावर असतं. मत खरं आहे असं सिद्ध करता येत नाही, कोणी तशी अपेक्षाही करत नाही. ते ज्या तथ्यांवर उभं आहे ती खरी आहेत, ती तथ्यं वाचकाला लेखातच दिसतात, विषय सार्वजनिक हिताचा आहे आणि ते मत आकसाने लिहिलेलं नाही, एवढं दाखवावं लागतं. यालाच वाजवी टीका म्हणतात. एकासाठी लागणारा बचाव दुसऱ्याला लावायला गेलं की खटला हातातून जातो.

समजा, एका नगरपालिकेतल्या डांबरी रस्त्याची बातमी आहे. बातमीदाराने तीन महिने खपून कागद जमवले आहेत. मसुद्यातलं मुख्य वाक्य असं: ‘नगराध्यक्षांनी मेहुण्याच्या कंपनीला काम देऊन पालिकेची उघड लूट केली.’

बातमीदार म्हणतो, ‘लूट’ हे माझं मत आहे. पण चहाच्या टपरीवर पेपर वाचणारा माणूस त्याचा काय अर्थ घेईल, हे कोर्ट आधी विचारतं. तो असाच घेईल की नगराध्यक्षांनी जाणूनबुजून सरकारी पैसा खाल्ला. म्हणजे हा गुन्ह्याचा आरोप झाला, आणि आरोप हे वस्तुस्थितीचं विधान आहे. त्याच्या आधी ‘आमच्या मते’ लिहिलं, ‘कथित’ जोडलं, ‘अशी चर्चा आहे’ म्हटलं किंवा मथळ्याला प्रश्नचिन्ह लावलं, तरी त्याचा रंग लालच राहतो. दुसऱ्याने केलेला आरोप आपण छापला की तो आपण केल्यासारखाच धरला जातो. ‘कथित’ या शब्दावर मराठी पत्रकारितेने टाकलेला विश्वास मला नेहमी काळजीत टाकतो.

म्हणून ते वाक्य उसवून एकेक धागा पाहावा लागतो.

‘मेहुण्याची कंपनी’. कंपनी निबंधकांकडच्या नोंदीत त्या गृहस्थांचं नाव संचालक म्हणून आहे. पण संचालक म्हणजे मालक नव्हे. त्यासाठी भागधारकांची यादी पाहायला हवी. शिवाय ते संचालक कधी झाले? निविदा उघडली त्या दिवशी होते, की काम संपल्यावर आले? आणि ते मेहुणे आहेत हे कुठल्याही सरकारी कागदावर लिहिलेलं नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे, हा कोर्टात पुरावा होत नाही. नातं सांगू शकणारा आणि गरज पडली तर साक्षीला उभा राहणारा माणूस हवा, किंवा नगराध्यक्षांनी लेखी उत्तरात ते मान्य केलेलं हवं.

‘नगराध्यक्षांनी काम देऊन’. माहिती अधिकारात मिळालेला ठराव वाचला तर दिसतं की निविदा समितीच्या सभेत मंजूर झाली आणि कार्यारंभ आदेशावर सही मुख्याधिकाऱ्यांची आहे. नगराध्यक्ष त्या सभेच्या अध्यक्षस्थानी होते. सिद्ध होण्यासारखं एवढंच आहे, म्हणून छापायचंही एवढंच.

‘लूट’. इथे बातमीदाराकडे खरोखर चांगला पुरावा आहे. मोजमाप पुस्तिकेत डांबराचा थर 50 मिलिमीटर नोंदवून देयक काढलं आहे, आणि रस्त्यातून 5 ठिकाणी काढलेल्या गाभ्यांची, म्हणजे छिद्र पाडून काढलेल्या नळकांडीसारख्या तुकड्यांची, सरासरी जाडी 32 मिलिमीटर भरली. पण गाभे कोणी काढले? नागरिकांच्या गटाने स्वतः काढले असतील तर तसं बातमीत लिहिलं पाहिजे. कुठल्या जागा, कुठली तारीख, सोबत कोण होतं, मोजणी कोणत्या प्रयोगशाळेने केली, हेही हवं. नाहीतर समोरचा वकील पहिल्याच उलटतपासात विचारेल की हा तुकडा त्याच रस्त्याचा कशावरून. आणि इतकं सगळं जमलं तरी त्यातून थर कमी आहे आणि पूर्ण थराचे पैसे दिले गेले, एवढंच सिद्ध होतं. नगराध्यक्षांना ते माहीत होतं, हे अजूनही सिद्ध झालेलं नाही.

इतकं झाल्यावर बातमीदाराचा चेहरा उतरतो. वकिलाने बातमीचे दात काढले असं त्याला वाटतं. पण खरी ताकद आता निळ्या पेन्सिलीत आहे. तथ्यं नीट मांडली की त्यावरचं मत कितीही कडक असू शकतं. मी सुचवलेला मजकूर साधारण असा असतो: ‘जवळचे नातेवाईक संचालक असलेली कंपनी ज्या निविदेत होती, ती मंजूर करणाऱ्या सभेचं अध्यक्षस्थान नगराध्यक्षांनी सोडलं नाही. पालिकेच्या नोंदीत 50 मिलिमीटर असलेला थर प्रत्यक्षात 32 मिलिमीटर भरला. नगराध्यक्षांचं हे वर्तन त्या पदाला लाज आणणारं आहे.’ शेवटचं वाक्य मत आहे. बोचरं आहे, पण ते कशावर टेकलं आहे हे वाचकाला वरच्या दोन वाक्यांत दिसतं. पटलं नाही तर तो स्वतः वेगळं मत बनवू शकतो. माझ्या मते मूळ वाक्यापेक्षा हे जास्त लागतं.

भारतात या गोष्टीला दिवाणी आणि फौजदारी अशा दोन बाजू आहेत, आणि दोन्हींकडचे नियम तंतोतंत सारखे नाहीत. दिवाणी दाव्यात विधान खरं ठरलं की बचाव पूर्ण होतो. फौजदारीत, म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली (आधीचं भारतीय दंड संहितेचं कलम 499), नुसतं खरं असून भागत नाही, ते छापणं लोकहिताचंही असावं लागतं. मताबद्दलचा अपवाद तर फार मोजून-मापून लिहिलेला आहे. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल, आणि त्या कामातून त्याचं चारित्र्य जितकं दिसतं तितक्यापुरतंच, सद्भावनेने कोणतंही मत व्यक्त करता येतं, त्यापुढे नाही. म्हणून सभेतल्या वर्तनावर बोलणाऱ्या लेखात नगराध्यक्षांच्या घरगुती भांडणाचा परिच्छेद आला की मी तो पूर्ण काढायला सांगतो. कंत्राटदार लोकसेवक नाही, त्याच्यासाठी सार्वजनिक प्रश्नाशी संबंधित वर्तनाचा वेगळा अपवाद आहे.

या ‘सद्भावने’तही अनेक जण फसतात. रोजच्या बोलण्यात तिचा अर्थ मन स्वच्छ असणं असा होतो. कायद्यात मात्र योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली किंवा मानलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेची ठरत नाही. बातमीदाराचा हेतू कितीही निर्मळ असला तरी त्याने पडताळणी केली नसेल तर हा बचाव हाती लागत नाही. समोरच्याला विचारणं म्हणूनच औपचारिकता नसते. मी ईमेलवर पाठवलेले प्रश्न पाहायला मागतो. ‘आपली प्रतिक्रिया कळवा’ असा एका ओळीचा निरोप चालत नाही. ठरावाचा क्रमांक, थराची जाडी, नात्याचा प्रश्न, सगळं स्पष्ट विचारलेलं हवं आणि उत्तराला किमान दोन दिवस हवेत. पान लागायच्या पंधरा मिनिटं आधी केलेला फोन कोर्टात आपल्याच विरोधात वाचला जातो. उत्तर आलं तर त्यातला मुख्य खुलासा बातमीत जायलाच हवा.

आता स्रोत. कागदाचा खरेपणा न तपासता छापलं तर काय होतं, याचं उदाहरण ‘केसरी’च्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतलं आहे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने पत्रांच्या आधारे मजकूर छापला. तळमळ खरी होती, प्रश्नही महाराजांच्या छळाचा म्हणजे सार्वजनिक होता. पण ती पत्रं कोर्टात बनावट ठरली आणि 1882 मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले 101 दिवस त्यांनी मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात काढले. पायाचा कागदच निसटल्यावर वर रचलेल्या टीकेला, ती कितीही प्रामाणिक असली तरी, आधार उरला नाही.

आपल्या रस्त्याच्या बातमीत पालिकेतला एक कर्मचारी आहे. मोजमाप पुस्तिकेचं पान त्यानेच दाखवलं आणि नाव येऊ न देण्याचं वचन घेतलं. प्रेस कौन्सिलसमोर पत्रकाराला स्रोत उघड करायला भाग पाडता येत नाही, 1978 च्या कायद्यात तशी तरतूद आहे. न्यायालयात मात्र पत्रकारांना असं संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. म्हणून प्रत्येक लाल वाक्यापुढे मी एकच प्रश्न लिहितो: हा माणूस कधीच समोर आला नाही, तरी हे वाक्य सिद्ध होईल का? मोजमाप पुस्तिकेचं तेच पान माहिती अधिकारात प्रमाणित प्रत म्हणून मिळालं तर वाक्य त्याच्यावाचून उभं राहतं आणि वचनही पाळलं जातं. ‘नगराध्यक्षांनी इंजिनिअरला फोन करून थर 50 लिहायला सांगितलं’ हे मात्र फक्त त्याच्याच तोंडचं असेल, तर ते कितीही खरं वाटलं तरी आज छापता येत नाही. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ हे शब्द सूत्राला झाकतात, छापणाऱ्याला नाही.

त्याने पान मोबाइलवर पाठवलं असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. मूळ फाइल ठेवायची, नुसता स्क्रीनशॉट नाही. पण ती फाइल कोर्टात दाखल केली की कधी कधी तिच्यातूनच पाठवणारा ओळखू येतो, हे वचन देण्याआधीच बातमीदाराला माहीत असावं.

छापून झाल्यावर लाल-निळ्या रेघांचा मसुदा, प्रमाणित प्रती, प्रश्नांचे ईमेल आणि आलेली उत्तरं एका फाइलीत ठेवायची. दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष आणि फौजदारी तक्रारीची तीन वर्षं असते. स्रोताचं नाव त्या फाइलीत नसतं.