पिव्होट टेबलद्वारे तुकडी व विषयनिहाय गुणांचा गोषवारा

शालेय परीक्षेतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रत्येक विषयाच्या गुणांची नोंद संगणकावरील तक्त्यात असताना त्यातून प्रत्येक तुकडीची प्रत्येक विषयातील सरासरी, परीक्षेला बसलेल्यांची संख्या आणि उत्तीर्णांचे प्रमाण एका छोट्या चौकटीत मांडण्याची ही पद्धत आहे. वर्गशिक्षकाला सहामाही वा वार्षिक निकालानंतर मुख्याध्यापकांना जो गोषवारा द्यावा लागतो, तो एरवी प्रत्येक रकान्याखाली स्वतंत्र सूत्र लिहून तयार होतो. एक्सेल किंवा गुगल शीट्समधील पिव्होट टेबल या गोषवारा काढण्याच्या साधनात तुकडी आणि विषय ही दोन नावे ओळी व रकाने म्हणून ओढून ठेवली की मधली बेरीज-सरासरी कार्यक्रम स्वतः करतो. नावे इकडून तिकडे ओढून एकच माहिती वेगवेगळ्या बाजूंनी पाहण्याची ही कल्पना पिटो सालस यांच्या कामातून पुढे आली. १९९१ मध्ये नेक्स्ट संगणकासाठी आलेल्या लोटस इम्प्रोव्ह या कार्यक्रमात ती प्रथम ठळकपणे दिसली आणि १९९३ च्या एक्सेल ५ पासून ती पिव्होट टेबल या नावाने रूढ झाली.

या कामातील खरी अडचण पिव्होट टेबल घालण्यात नसून त्याआधी माहिती कशी ठेवली आहे यात असते. शाळांतील गुणतक्ता बहुधा आडवा असतो. हजेरी क्रमांक, नाव, तुकडी आणि पुढे मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे असे सहा रकाने एकाशेजारी एक येतात. माणसाला वाचायला तो सोयीचा असला तरी पिव्होट टेबलच्या दृष्टीने त्यात ‘विषय’ नावाचे काही नसतेच, कारण विषयाचे नाव हे तिथे रकान्याचे शीर्षक असते, नोंदीचा भाग नसतो. अशा तक्त्यावरही सहा रकाने एकेक करून `Values` मध्ये टाकता येतात, पण मग विषय ओळींत घेणे किंवा विषयानुसार चाळणी लावणे शक्य होत नाही. म्हणून आधी तक्ता उभा करावा लागतो. त्यात एका ओळीत एका विद्यार्थ्याच्या एकाच विषयाचे गुण असतात. ८२ विद्यार्थी आणि ६ विषय असतील, तर ४९२ ओळींचा तक्ता होतो. तो डोळ्यांनी वाचायचा नसल्यामुळे त्याच्या लांबीचे ओझे वाटण्याचे कारण नाही.

एक्सेलमध्ये हे रूपांतर हाताने करावे लागत नाही. आडव्या तक्त्यात कोठेही टिचकी मारून `Ctrl+T` ने त्याचे टेबल करावे, `Data` मधील `From Table/Range` ने तो पॉवर क्वेरी या एक्सेलमधील माहितीची मांडणी बदलण्याच्या साधनात उघडावा, हजेरी क्रमांक, नाव आणि तुकडी हे तीन रकाने निवडावेत आणि `Unpivot Other Columns` हा पर्याय घ्यावा. उरलेले सहाही रकाने दोनच रकान्यांत गोळा होतात. त्यांची नावे `Attribute` आणि `Value` अशी येतात, ती बदलून ‘विषय’ आणि ‘गुण’ करावीत आणि `Close & Load` ने उभा तक्ता नव्या पानावर आणावा. येथे दोन खाचखळगे आहेत. आडव्या तक्त्यात शेवटी ‘एकूण’ किंवा ‘शेकडा’ असा रकाना असेल, तर तोही विषय समजून उभ्या तक्त्यात उतरतो आणि गोषवाऱ्यात सातवा विषय दिसू लागतो, तेव्हा असे रकाने आधीच काढून टाकावेत. दुसरा खळगा गैरहजर विद्यार्थ्यांचा आहे. ज्याच्या गुणांची चौकट रिकामी ठेवली आहे, त्याची ओळ या रूपांतरात गळून जाते. म्हणून गैरहजर विद्यार्थ्यापुढे चौकट रिकामी न सोडता `AB` लिहावे, म्हणजे ओळ शिल्लक राहते आणि पट जुळवून पाहता येतो.

उभा तक्ता तयार झाल्यावर त्यातील कोणत्याही चौकटीवर टिचकी मारून `Insert` मधून `PivotTable` घ्यावे. उजवीकडे उघडणाऱ्या यादीतून ‘तुकडी’ `Rows` मध्ये, ‘विषय’ `Columns` मध्ये आणि ‘गुण’ `Values` मध्ये ओढावे. तक्त्यात `AB` हा मजकूर असल्यामुळे एक्सेल बेरजेऐवजी नोंदींची मोजणी दाखवते. पहिल्यांदा हे काम करणारा शिक्षक गणिताखाली ५० आणि ३२ असे आकडे पाहून त्यालाच सरासरी समजतो. गुणांच्या आकड्यावर उजवी टिचकी मारून `Summarize Values By` मधून `Average` निवडले की सरासरी येते. `Number Format` मधून दशांशाचे एकच स्थळ ठेवावे.

या ठिकाणी थांबणे ही सर्वांत मोठी चूक होय. सरासरी किती जणांची आहे हे तिच्या शेजारी दिसले नाही, तर ती वाचणाऱ्याला फसवते. उदाहरणासाठी इयत्ता नववीच्या दोन तुकड्यांचा गणिताचा निकाल घेऊ. तुकडी अ मध्ये ५० विद्यार्थी असून सर्वांनी परीक्षा दिली आणि त्यांच्या गुणांची बेरीज ३००० झाली. तुकडी ब च्या पटावर ३२ विद्यार्थी असून दोघे गैरहजर होते आणि उरलेल्या ३० जणांची बेरीज १४४० झाली. विषयाची चाळणी गणितावर ठेवून ‘गुण’ हे नाव `Values` मध्ये तीनदा ओढावे आणि त्यांवर अनुक्रमे `Average`, `Count Numbers` आणि `Count` लावावे. मग चित्र असे दिसते:

| तुकडी | Average | Count Numbers | Count |
|---|---|---|---|
| अ | ६०.० | ५० | ५० |
| ब | ४८.० | ३० | ३२ |
| Grand Total | ५५.५ | ८० | ८२ |

`Count` सर्व भरलेल्या चौकटी मोजते, तर `Count Numbers` फक्त आकडे मोजते, त्यामुळे या दोहोंतील फरक म्हणजे गैरहजर विद्यार्थी. तुकडी ब मधील फरक २ आहे आणि हजेरीवहीतही दोघेच गैरहजर आहेत, म्हणजे नोंद बरोबर आहे. फरक ३ आला असता, तर कोणाचे तरी गुण आकडा म्हणून न जाता मजकूर म्हणून गेले आहेत, असे समजावे. अशा चौकटीतील आकडा सहसा डावीकडे चिकटलेला दिसतो आणि तिच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो. सरासरीत असा आकडा धरला जात नाही आणि त्याबद्दल कोणतीही सूचना मिळत नाही. गुगल शीट्समध्ये हीच नावे उलटी भासतात. तेथे `COUNT` फक्त आकडे मोजते आणि भरलेल्या सर्व चौकटींसाठी `COUNTA` घ्यावे लागते.

गैरहजर विद्यार्थ्यांपुढे कोणी सोयीसाठी शून्य लिहिले असते, तर तुकडी ब ची सरासरी १४४० भागिले ३२, म्हणजे ४५ झाली असती आणि तीन गुणांची ही घसरण शिकवण्यातील दोष म्हणून नोंदली गेली असती. शून्य हा गुण आहे आणि अनुपस्थिती हा गुण नाही, एवढाच हा भेद आहे. तळाच्या ओळीबद्दलही शंका निघते. ६० आणि ४८ यांची सरासरी ५४ येते, मग तक्ता ५५.५ का दाखवतो, असे विचारले जाते. पिव्होट टेबल सरासरींची सरासरी काढत नाही. ते सर्व ८० विद्यार्थ्यांचे ४४४० गुण घेऊन त्यांना ८० ने भागते. इयत्तेची सरासरी म्हणून हाच आकडा योग्य आहे. सर्व विषयांची मिळून तुकडीची सरासरी काढायची असेल, तर मात्र प्रत्येक विषय एकाच कमाल गुणांवर आणलेला असला पाहिजे, कारण २० गुणांची घटक चाचणी आणि १०० गुणांची परीक्षा एकाच रकान्यात मिसळली, तर उत्तराला काही अर्थ उरत नाही.

उत्तीर्णांचे प्रमाण पिव्होट टेबलला थेट सांगता येत नाही, त्यासाठी उभ्या तक्त्यात एक जादा रकाना लागतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत किमान ३५ गुणांची अट असते आणि शाळा खालच्या इयत्तांच्या गोषवाऱ्यातही बहुधा तीच धरतात. गुण ई रकान्यात असतील, तर सूत्र असे लिहावे:

```
=IF(ISNUMBER(E2),IF(E2>=35,1,0),"")
```

यातील `ISNUMBER` अनावश्यक वाटते, पण तेच सूत्राचा जीव आहे. एक्सेलमध्ये तुलना करताना कोणताही मजकूर हा कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा मानला जातो, त्यामुळे नुसते `E2>=35` लिहिले, तर `AB` असलेला विद्यार्थीही उत्तीर्ण ठरतो. हा रकाना `Values` मध्ये नेऊन त्याची सरासरी काढली आणि ती शेकडेवारीच्या रूपात दाखवली की परीक्षेला बसलेल्यांपैकी किती टक्के उत्तीर्ण झाले हे थेट मिळते.

गोषवाऱ्यात तुकडी अ दोनदा दिसणे ही नेहमीची तक्रार आहे. कोठेतरी ‘अ’ नंतर एक रिकामी जागा टंकली गेलेली असते आणि पिव्होट टेबल त्या दोन नोंदींना वेगळी नावे समजते. आडव्या तक्त्यांवरून विषयांची नावे येत असतील आणि प्रत्येक तुकडीचा तक्ता वेगळ्या शिक्षकाने टंकला असेल, तर ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’ हे दोन स्वतंत्र विषय होतात. पडद्यावर कळत नसलेली जागा `TRIM` ने काढता येते. अनुस्वाराचा फरक मात्र शोधून बदलावाच लागतो. अशा वेळी त्या विचित्र ओळीतील आकड्यावर दोनदा टिचकी मारावी. त्या आकड्यामागील मूळ नोंदी नव्या पानावर उघडतात आणि गडबड कोणत्या हजेरी क्रमांकापासून आहे ते दिसते. दुरुस्ती मूळ आडव्या तक्त्यातच करावी, उघडलेल्या या पानावर केलेली दुरुस्ती परत कोठेही पोचत नाही. त्यानंतर `Refresh All` करावे लागते, कारण एक्सेलमधील पिव्होट टेबल माहितीची एक प्रत स्वतःजवळ ठेवते आणि सांगितल्याशिवाय ती बदलत नाही. पॉवर क्वेरीचा उभा तक्ता मध्ये असल्याने काही वेळा हे दोनदा करावे लागते. पहिल्या वेळी तक्ता ताजा होतो आणि दुसऱ्या वेळी त्यावरचा गोषवारा. गुगल शीट्समध्ये मूळ नोंद बदलताच गोषवारा आपोआप बदलतो.

सरासरी सारखी असूनही दोन तुकड्यांची स्थिती वेगळी असू शकते. एकीत सर्व जण पन्नाशीच्या आसपास असतात, तर दुसरीत निम्मे ऐंशीला आणि निम्मे विशीत असतात. हे पाहण्यासाठी गुणांचे दहा-दहाचे गट पाडतात. पिव्होट टेबलमध्ये `Group` हा पर्याय आहे, पण गुणांच्या रकान्यात `AB` असेल तर तो `Cannot group that selection.` एवढेच सांगून नकार देतो. त्यावर सोपा मार्ग म्हणजे उभ्या तक्त्यात आणखी एक रकाना जोडणे:

```
=IF(ISNUMBER(E2),FLOOR(E2,10),"")
```

यात ५४ गुणांचे ५० होतात. हा रकाना `Rows` मध्ये आणि तुकडी `Columns` मध्ये ठेवून `Values` मध्ये गुणांवर `Count Numbers` लावले की कोणत्या गटात कोणत्या तुकडीचे किती जण आहेत ते एका दृष्टीत येते.

तयार गोषवारा मुख्याध्यापकांकडे किंवा पालक सभेसाठी पाठवताना मूळ फाइल पाठवू नये. गुणांचे मूळ पान काढून टाकले, तरी पिव्होट टेबलजवळची प्रत फाइलमध्ये राहते आणि कोणीही एका आकड्यावर दोनदा टिचकी मारून विद्यार्थ्यांची नावे व गुण उघडू शकतो. म्हणून गोषवारा निवडून तो नव्या फाइलमध्ये `Paste Special` मधील `Values` ने चिकटवावा आणि तीच फाइल किंवा तिची पीडीएफ प्रत पुढे द्यावी.