एकहाती बॅकहँड आणि खांद्यावर येणारा चेंडू

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरुष टेनिसच्या जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या दहा जणांत एकहाती बॅकहँड मारणारा एकही खेळाडू उरला नाही. १९७३ मध्ये ही क्रमवारी सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं. त्यावर बरंच हळहळून झालं, पण कारण तसं साधं आहे. हा फटका ज्या उंचीच्या चेंडूसाठी घडला, त्या उंचीवर चेंडू येणंच कमी झालं.

१९७४ पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा गवतावर होत असत. गवतावर टप्पा पडला की चेंडू उसळण्याऐवजी घसरतो आणि गुडघा ते कंबर एवढ्याच उंचीवर येतो. अशा चेंडूखाली रॅकेट नेणं एका हाताला सोपं जातं. केन रोझवॉलचा प्रसिद्ध स्लाइस, म्हणजे चेंडू कापत मारलेला फटका, तिथलाच. दोन हातांनी बॅकहँड मारणारे तेव्हाही होते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिव्हियन मॅकग्राने १९३७ मध्ये तशा बॅकहँडने आपल्या देशाचं विजेतेपदही मिळवलं. पण त्याचं अनुकरण व्हायला कॉनर्स, बोर्ग आणि ख्रिस एव्हर्ट यांचं सत्तरचं दशक उजाडावं लागलं.

एकहाती फटक्याची ताकद मनगटात शोधणारे फसतात. ती येते युनिट टर्नमधून, म्हणजे खांदे आणि कंबर एकदम वळवण्यातून. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात रॅकेटच्या गळ्याशी असतो. रॅकेट मागे नेतो तो हाच हात, आणि तेवढ्यात उजवा हात ग्रिप बदलून घेतो. पूर्ण वळल्यावर हनुवटी उजव्या खांद्यावर येते आणि पाठीचा थोडा भाग प्रतिस्पर्ध्याला दिसतो. नुसता हात मागे गेला आणि छाती जाळीकडेच राहिली, तर पुढचं सगळं कोपरावर येतं. कोपर आधी पुढे आणि रॅकेट मागून फरफटत, असा फटका दिसला की टर्न अर्धवट झाली हे नक्की समजावं.

मग उजवं पाऊल पुढे पडतं आणि चेंडू त्या पावलाच्याही पुढे भेटतो. तोवर हात सरळ झालेला हवा. एक्स्टेंशन म्हणजे चेंडू लागल्यावरही हात लगेच न गुंडाळता रॅकेट काही क्षण लक्ष्याच्या दिशेने जाऊ देणं. त्याच वेळी डावा हात मागे राहतो. उत्तम एकहाती बॅकहँडच्या छायाचित्रांत दोन्ही हात पंखांसारखे पसरलेले दिसतात. ती ऐट वाटते खरी, पण मागचा हात खांद्यांना वेळेआधी उघडू देत नाही. खांदे लवकर उघडले की चेंडू बाजूला ओढला जातो.

चेंडू खांद्याएवढा उंच आला की हीच रचना अडचणीत येते. हात वर उचललेला असताना रॅकेटचं वजन आणि चेंडूचा धक्का खांद्यामागच्या लहान स्नायूंना एकट्याने पेलावा लागतो. खालून वर घासून टॉपस्पिन द्यायला जागा उरत नाही. भेटीचा बिंदूही आणखी पुढे सरकतो. तो जरा चुकला, की मनगट मागे दबतं, रॅकेटचं तोंड आभाळाकडे उघडतं आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या कोर्टात मधोमध, आखूड पडतो. दुहाती खेळाडूचा मागचा हात इथे तळहाताने ढकलावं तसा जोर लावतो. एकहातीला तो आधार नाही.

गंमत म्हणजे चेंडूला जास्त फिरकी देणाऱ्या पॉलिएस्टरच्या तारा गाजवल्या त्या एका एकहाती खेळाडूनेच. गुस्तावो कुएर्तेनने १९९७ मध्ये पॅरिसची क्ले कोर्ट स्पर्धा त्याच तारांनी जिंकली. पुढे त्या तारा सगळ्यांच्याच रॅकेटवर चढल्या, आणि उंच उसळणारा चेंडू एकहाती खेळाडूंच्या वाट्याला रोजचाच झाला.

याचा सर्वांत कडू अनुभव रॉजर फेडररने घेतला. डावखुऱ्या नदालचा तिरका फोरहँड थेट त्याच्या बॅकहँडवर यायचा, आणि क्लेवर तो खांद्याच्या उंचीवर चढायचा. २००८ च्या पॅरिस अंतिम सामन्यात फेडरर १-६, ३-६, ०-६ असा हरला. तीन सेटमध्ये मिळून चार गेम! मागे सरकून चेंडू खाली येईपर्यंत थांबावं, तर कोर्ट मोकळं पडायचं. स्लाइस करावा, तर नदालला पुढच्या फोरहँडसाठी सवड मिळायची.

२०१४ मध्ये त्याने ९० चौरस इंचांची रॅकेट सोडून ९७ ची घेतली. मोठ्या तोंडामुळे चेंडू मधोमध न लागताही फटका टिकतो. पण खरा बदल दिसला २०१७ च्या मेलबर्नमधल्या नदालविरुद्धच्या अंतिम सामन्यात. फेडरर बेसलाइनला चिकटून राहिला आणि टप्प्यानंतर चेंडू चढत असतानाच, खांद्यापर्यंत पोचण्याआधी, सपाट मारत राहिला. यासाठी टर्न कितीतरी लवकर पुरी व्हावी लागते, कारण चेंडू वाचायला मिळणारा वेळ आखडतो. मेलबर्नचं कोर्ट क्लेपेक्षा जलद होतं, ही मदत होतीच. पॅरिसमध्ये हे इतकं साधलं असतं असं मला वाटत नाही. पाचव्या सेटमध्ये १-३ असा मागे असताना त्याने सलग पाच गेम घेतले, तेही मुख्यतः ज्या बाजूवर वर्षानुवर्षं मारा झाला होता त्या बाजूने बेधडक फटके मारत.