हरात्मक आंदोलक : श्रेणी-उकल आणि ऊर्जापातळ्यांचे पुंजीकरण

हरात्मक आंदोलकाचे श्रोडिंगर समीकरण घातश्रेणीने सोडवताना, श्रेणी एखाद्या पदाशी संपली तरच तरंगफलन दूरवर शून्याकडे जाते. श्रेणी संपण्यासाठी ऊर्जेला E = (n + ½)ħω यांपैकीच एक मूल्य घ्यावे लागते. पुण्यात पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी ही उकल फळ्यावर एकाच तासात उरकली जाते. त्या घाईत ‘श्रेणी आपण तोडली म्हणून पातळ्या आल्या’ असा समज राहून जातो. तो चुकीचा आहे. श्रेणी आपण तोडायची नसते, ती स्वतःहून तुटावी लागते. प्रस्तुत नोंदीचा भर या फरकावर आहे.

समीकरण आणि सोलून काढलेला भाग

वस्तुमान m आणि कोनीय वारंवारता ω असलेल्या आंदोलकासाठी ξ = √(mω/ħ)·x हे एककरहित अंतर आणि K = 2E/ħω ही एककरहित ऊर्जा घेतली की समीकरण एवढेच उरते:

ψ″ = (ξ² − K) ψ

ξ खूप मोठा असेल तिथे K नगण्य ठरतो आणि ψ एकतर e^(−ξ²/2) सारखा विझतो किंवा e^(+ξ²/2) सारखा उसळतो. कण कुठेतरी सापडण्याची एकूण संभाव्यता १ असायची, तर उसळणारा प्रकार चालत नाही. म्हणून ψ = h(ξ)·e^(−ξ²/2) असे लिहून विझणारा भाग आधीच बाजूला काढतात. h साठी समीकरण येते:

h″ − 2ξh′ + (K − 1)h = 0

ही पायरी सोयीसाठी आहे असे वाटते, पण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. ती गाळून थेट ψ = Σ cⱼξʲ ठेवले, तर (j+1)(j+2)cⱼ₊₂ = cⱼ₋₂ − K cⱼ असे तीन सहगुणकांना बांधणारे सूत्र मिळते. त्यात श्रेणी कधीच संपत नाही, अगदी K बरोबर असला तरी. e^(−ξ²/2) हे फलनच मुळी अनंत श्रेणी आहे, त्यामुळे संपण्याची अपेक्षाही धरता येत नाही. विझणारा भाग सोलून काढल्यावर मात्र h = Σ aⱼξʲ साठी दोनच सहगुणकांचे सुटसुटीत आवर्ती सूत्र मिळते:

aⱼ₊₂ = (2j + 1 − K) / [(j+1)(j+2)] · aⱼ

सूत्र दोन-दोन घातांची उडी मारते. त्यामुळे a₀ पासून सगळी सम पदे निघतात आणि a₁ पासून सगळी विषम. या दोन साखळ्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

न संपणारी श्रेणी का चालत नाही

j मोठा झाला की लागोपाठच्या सहगुणकांचे गुणोत्तर २/j च्या जवळ येते. e^(ξ²) च्या श्रेणीतही हेच गुणोत्तर असते. शिवाय 2j + 1 ने K ओलांडल्यावर त्या साखळीतले पुढचे सगळे सहगुणक एकाच चिन्हाचे होतात, म्हणजे पदांनी एकमेकांना खोडून वाढ आटोक्यात येण्याची सोय उरत नाही. h मग e^(ξ²) च्या वेगाने वाढतो, त्याला e^(−ξ²/2) ने गुणल्यावर e^(+ξ²/2) उरते आणि टाकून दिलेली उसळणारी उकल मागच्या दाराने परत येते.

इथे एक शंका रास्त आहे, आणि तोंडी परीक्षेत ती विचारली जाण्यासारखी आहे: सम आणि विषम साखळ्या दोन्ही उसळत असतील, तर a₁/a₀ हुशारीने निवडून त्यांची वाढ एकमेकींत खोडता येणार नाही का? येते, पण एकाच बाजूला. उजवीकडे खोडली, तर डावीकडे विषम साखळीचे चिन्ह उलटते आणि दोन्ही वाढी एकमेकींत मिळतात. दोन्ही टोके एकाच वेळी विझवायची, तर सम आणि विषम साखळी प्रत्येकी स्वतंत्रपणे संपली पाहिजे किंवा पूर्ण शून्य असली पाहिजे.

साखळी संपण्याची वाट एकच: कुठल्यातरी j = n ला अंश शून्य होणे, म्हणजे K = 2n + 1. यातूनच E = (n + ½)ħω येते. त्याच K ला दुसरी साखळी संपत नाही, कारण 2j + 1 = K हे एकाच j साठी खरे असू शकते. म्हणून n सम असेल तर a₁ शून्य ठेवावा लागतो, विषम असेल तर a₀. उदाहरणार्थ K पाच घेतला, तर सम बाजूला a₂ = −2a₀ आणि a₄ शून्य, म्हणजे h = a₀(1 − 2ξ²), तर विषम बाजूला a₃ = −a₁/3, a₅ = −a₁/30 अशी साखळी न थांबता पुढे जाते. दुसरी साखळी शून्य करायला विसरणे ही उत्तरपत्रिकेतली नेहमीची चूक आहे. अशा संपलेल्या बहुपदींना शार्ल एर्मित यांच्या १८६४ मधल्या कामावरून एर्मित बहुपदी म्हणतात. सर्वोच्च घाताचा सहगुणक 2ⁿ ठेवण्याच्या रूढीनुसार वरील बहुपदी 4ξ² − 2 अशी लिहितात.

K जरासा चुकला तर काय होते

तळाच्या पातळीसाठी K नेमका १ हवा. तो १.०२ घेऊ, म्हणजे चूक दोन टक्क्यांची. a₀ एक धरला, तर a₂ उणे ०.०१, a₄ उणे ०.००३३, a₆ उणे ०.०००८८ असे सहगुणक येतात. आकडे इतके बारीक दिसतात की बेरीज एकच्या आसपास राहील असे वाटावे. ξ = 2 पर्यंत तसे म्हणताही येते: तिथे h सुमारे ०.७३ आणि ψ ०.०९८ निघतो, खरा ०.१३५ असायला हवा. ξ = 3 ला मात्र h उणे २४.३ वर पोचतो. सर्वांत मोठे योगदान सोळाव्या घाताच्या पदाचे असते, म्हणजे पहिली चार-पाच पदे पाहून गोष्ट कळलीच नसती. ψ तिथे +०.०११ हवा, तो उणे ०.२७ होतो. ξ = 4 ला तो उणे ६.७ च्या आसपास जातो. K ०.९८ घेतला तर शेपूट तितक्याच जोरात वर उसळते.

हे संगणकावर पाहायला थोडक्या ओळी पुरतात (सम साखळीसाठी):

```python
import math

def psi(K, xi, N=200):
    t = s = 1.0
    for j in range(0, N, 2):
        t *= (2*j + 1 - K)*xi*xi/((j+1)*(j+2))
        s += t
    return s*math.exp(-xi*xi/2)
```

`psi(0.98, 4)` धन येते आणि `psi(1.02, 4)` ऋण, म्हणजे पातळी या दोहोंमध्ये आहे. मधला K घेऊन चिन्ह तपासत अंतर निम्मे-निम्मे करत गेले की K साधारण १.०००००१ वर स्थिरावतो, नेमका १ वर नाही. हा संगणकाचा दोष नव्हे. ψ अनंतावर शून्य हवा असताना आपण तो ξ = 4 ला शून्य मागितला, म्हणजे तिथे एक भिंत बांधली, आणि भिंतीने पातळी किंचित वर ढकलली. हीच भिंत ξ = 3 ला बांधली तर चूक ०.०००८ च्या घरात जाते.

हाताने तोडलेली श्रेणी

वरच्या ओळींत N = 20 ठेवले की विसाव्या घातापुढची पदे गळतात. आता K काहीही असो, वीस घातांची बहुपदी गुणिले e^(−ξ²/2) असे फलन मिळते, आणि ते दूरवर विझतेच. जर्नलमध्ये आलेख चिकटवून ‘१.०२ या ऊर्जेलाही उकल विझते, मग पुंजीकरण कुठे आहे?’ असा प्रश्न यातून निघू शकतो. आलेख नीट पाहिला तर ξ = 4.2 च्या आसपास खाली झुकलेला, सुमारे ०.७ खोलीचा फुगवटा दिसतो. उगमापाशी उंची १ असताना तळाच्या पातळीत इतक्या दूर असे काही असायला नको.

खात्रीची तपासणी म्हणजे हे फलन मूळ समीकरणात परत ठेवून पाहणे. तोडलेल्या बहुपदीसाठी h″ − 2ξh′ + (K − 1)h यातली सगळी पदे खोडली जातात, फक्त शेवटचे एक उरते: (K − 1 − 2N)·a_N·ξ^N. इथे N वीस आहे. a₂₀ सुमारे उणे ७.७ × १०⁻¹⁰ इतका क्षुल्लक असूनही ξ = 3 ला हे उरलेले पद १०७ च्या पुढे भरते. उजव्या बाजूला शून्य हवे होते. म्हणजे फलन विझते खरे, पण ते समीकरणाची उकलच नाही. उरलेले पद शून्य होण्यासाठी K = 2N + 1 हवा किंवा a_N शून्य हवा, आणि ही तर श्रेणी स्वतःहून संपण्याचीच अट झाली.

व्याप्ती

यावरून श्रेणी संपणे हेच पुंजीकरणाचे मूळ कारण मानणे हेही जास्तीचे होईल. मूळ कारण दोन्ही टोकांना ψ विझण्याची अट हे आहे. आंदोलकात ती अट श्रेणी संपण्याच्या रूपाने समोर येते इतकेच. स्थितिज ऊर्जा x² ऐवजी x⁴ च्या प्रमाणात असेल, तर श्रेणी अशी संपत नाही आणि पातळ्यांचे साधे सूत्रही मिळत नाही, तरी पातळ्या सुट्या-सुट्याच राहतात. त्या वर दाखवल्याप्रमाणे चिन्ह तपासत शोधाव्या लागतात. उलट x = 0 ला अभेद्य भिंत असलेल्या अर्ध्या आंदोलकात तिथे ψ शून्य हवा म्हणून फक्त विषम साखळी चालते, आणि ३/२, ७/२, ११/२ ħω अशा एकाआड एक पातळ्या उरतात.

समान अंतराच्या या पातळ्या प्रत्यक्षात किती टिकतात, हे हायड्रोजन क्लोराइडच्या अवरक्त वर्णपटात मोजता येते. त्याच्या कंपनाची पहिली उडी सुमारे २८८६ सेंमी⁻¹ ला दिसते. शुद्ध हरात्मक आंदोलकात दोन पायऱ्यांची उडी बरोबर दुप्पट, म्हणजे ५७७२ ला पडली असती. ती सुमारे ५६६८ ला पडते. मुळात शुद्ध आंदोलकात ती दिसायलाच नको, कारण तिथे प्रकाशामुळे एकाच पायरीची उडी होऊ शकते. रेणूतला बंध ताणताना सैल पडत जातो, त्याची स्थितिज ऊर्जा ξ² पासून ढळते, आणि वर जावे तसतशा पायऱ्या जवळ येत जातात.